बेंबीपाशी परत परत दुखतंय: साधी पोटदुखी, किडनी की पोटातलं मायग्रेन?

मुलीचं हे दुखणं सुरू झालं तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. कुठे दुखतं विचारलं की बोट नाही दाखवायची, अख्खा तळहात बेंबीवर ठेवायची, आणि चेहरा इतका पांढराफटक की ओठांचासुद्धा रंग गेलेला. दोनदा जंताचं औषध झालं, एकदा "शाळा बुडवायची असेल" हेही ऐकून घेतलं. पण शाळा बुडवणारं मूल दुपारी टीव्ही लावून मागतं ना, ही तर पडदे ओढ म्हणायची.

मग मी कॅलेंडरवर लिहायला लागले. 9 जून, सकाळी 7 ते दुपारी 1. 14 जुलै, 11 ते 4. 20 ऑगस्ट, 28 सप्टेंबर, 2 नोव्हेंबर, सगळं साधारण तसंच. आधी जेवण नको म्हणणार, मग रंग उतरणार, मग दुखणं आणि मळमळ, कधी एखादी उलटी, शेवटी झोप लागली की उठल्यावर जणू काही झालंच नव्हतं. आणि मधले पाचेक आठवडे एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी निदान केलं ते या पानावरून. पोटातलं मायग्रेन दाखवणारी टेस्टच नाहीये, ते ओळखतात पॅटर्नवरून आणि बाकीची कारणं बाजूला काढून. डोकं दुखलंच पाहिजे असंही नाही, आमच्याकडे तर कधीच दुखलं नाही, फक्त मला स्वतःला कॉलेजपासून मायग्रेन आहे आणि डॉक्टरांनी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारला.

आता साध्या पोटदुखीशी ताडून बघा. बद्धकोष्ठाचं किंवा टेन्शनचं दुखणंही बेंबीपाशीच असतं, म्हणून जागेवरून फरक कळत नाही. पण ते आठवड्यातून बऱ्याचदा येतं, थोडं थोडं, मूल कुरकुरतं आणि अर्ध्या तासात खेळायला पळतं, शौचाला झाली की बरं वाटतं, रंग सहसा जात नाही. मायग्रेनवालं क्वचित येतं पण आलं की मूल आडवं, किमान तासभर तरी, बऱ्याचदा कितीतरी तास, आणि डोकेदुखीच्या तज्ज्ञांच्या निकषात तर 2 ते 72 तास धरलेत. त्याच निकषात असे निदान 5 अटॅक मोजतात, पोटविकारवाल्यांच्या निकषात 6 महिन्यांत 2 पुरतात, म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले तर लगेच वैतागू नका. आणि दुखण्यापेक्षा उलट्याच जास्त, तासाला चार-पाच वगैरे, असं असेल तर तो मायग्रेनचाच चुलतभाऊ, उलट्यांचं चक्र म्हणतात तो, त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

खरी फसगत किडनीशी होते, आणि हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. किडनीतून लघवी बाहेर पडायची जागा अरुंद असेल तर ती मधूनमधून तुंबते, तेव्हा जोरात दुखतं, उलट्या होतात, आणि मोकळी झाली की मूल ठणठणीत, म्हणजे डिट्टो मायग्रेन. लहान मुलं कमरेऐवजी बेंबीच दाखवतात. भरपूर पाणी प्यायल्यावर दुखायला लागतं का, एकाच बाजूला जास्त आहे का, हे बघा. मधल्या बऱ्या दिवसात सोनोग्राफी केली तर ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुखत असतानाच या. 28 सप्टेंबरला तशीच रडत नेली, दोन्ही किडन्या साफ होत्या, तेव्हा कुठे मायग्रेनवर शिक्का बसला.

शिक्का बसला तरी प्रत्येक दुखणं मायग्रेनचं नसतं हं. दुखणं बेंबीवरून उजवीकडे खाली सरकलं, उडी मारली की कळ येते, ताप आहे, उलटी हिरवी आहे, शौचातून रक्त आहे, तर कॅलेंडर वगैरे बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल. मुलगा असेल तर अंडकोषही बघा, तिथला पीळ पोटात दुखतो असंच मुलं सांगतात आणि त्यात तासांचा हिशोब असतो. वजन घटणं, उंची अडकणं, रात्री दुखण्याने झोपेतून उठणं, हे असेल तर घाई नसली तरी आधी पोटाची नीट तपासणी, मायग्रेन मग.

आमचं ठरलंय ते असं: रंग उतरला की लगेच, उलटी सुरू व्हायच्या आधी, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, अंधारी खोली, आणि झोपू द्यायचं. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. रोजचं प्रतिबंधक औषध असतं, पण महिन्या-सव्वा महिन्यातून एकदा येणाऱ्यासाठी डॉक्टर आणि आम्ही दोघंही नको म्हणालो, अटॅक वाढून शाळा बुडायला लागली तर बघू. कॅलेंडरवरून अजून एक लक्षात आलं, पाचातले तीन अटॅक उशिरा झोपून सकाळी काही न खाता निघालेल्या दिवशीचे होते. आता घराबाहेर पडायच्या आधी दोन घास खायलाच लावते, भले उशीर होवो.