शाळेची व्हॅन: जूनपासूनचा अनुभव, करार आणि फीचा हिशेब

आमची मुलगी पुण्यात तिसरीत शिकते. शाळा घरापासून साधारण सहा किलोमीटरवर आहे. शाळेची स्वतःची बस आमच्या भागात येत नसल्यामुळे जूनपासून आम्ही एका चालक-मालकाची सीएनजी व्हॅन लावली. महिन्याला 2,200 रुपये देतो. आता वर्ष संपत आले आहे आणि पुढच्या वर्षासाठी याच काकांकडे नाव नोंदवले आहे. सेवा ठरवताना आम्ही कशाकडे पाहिले आणि त्यातले काय खरोखर उपयोगी पडले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट नंबरप्लेटची. भाड्याने मुले नेणाऱ्या वाहनाची नोंदणी व्यावसायिक असावी लागते, म्हणजे पिवळी पाटी आणि काळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, म्हणून अनेक पालक ती स्वीकारतात. परंतु खासगी गाडीच्या विम्यात ‘भाड्याने वापर’ स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे अपघात झाल्यास भरपाईचे भांडण कुटुंबाच्या वाट्याला येऊ शकते. गाडीचा क्रमांक mParivahan या ॲपवर टाकला की वाहनाचा प्रकार, फिटनेसची मुदत, विमा आणि पीयूसी दिसते. आम्ही ते बोलणी सुरू करण्याआधीच पाहून घेतले. व्यावसायिक वाहनाचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावा लागतो. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत फिटनेसची तारीख शाळेच्या वर्षाच्या मधेच संपत नाही ना, हे आवर्जून पाहावे. परवाना मात्र कागदावरच पाहावा. आम्ही परवाना, चालकाचे लायसन्स व बॅज आणि पोलीस पडताळणीचा दाखला यांच्या प्रती घेतल्या.

गाडी प्रत्यक्ष पाहताना मी सर्वांत जास्त वेळ मागच्या भागात घालवला. सीएनजी व्हॅनमध्ये टाकी मागे असते आणि जास्त मुले बसवण्यासाठी काही जण त्या टाकीवरच फळी टाकून बाक करतात. टेकायला पाठ नाही, पट्टा नाही आणि मूल थेट टाकीवर बसलेले, असा हा प्रकार असतो. आधी पाहिलेल्या एका गाडीत तसा रेक्झिन लावलेला बाक होता, त्यामुळे ती आम्ही नाकारली. या काकांच्या गाडीत मागे फक्त दप्तरे ठेवतात. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख टाकीच्या पट्टीवर असते, तीही त्यांनी स्वतःहून दाखवली. सरकत्या दाराचे कुलूप, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी एवढे तपासून आम्ही फीकडे वळलो.

फीचा आणि मुलांच्या संख्येचा संबंध लक्षात घेतला नाही, तर बाकी सगळी तपासणी वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. ही व्हॅन चालकासह सात आसनांची आहे. मदतनीस ताईंची जागा सोडली की पाच आसने उरतात. बारा वर्षांखालील मुलांसाठी दीडपटीची सवलत असते असे चालक सांगतात. त्या हिशेबाने फार तर सात लहान मुले बसतात. सात मुलांचे 2,200 प्रमाणे 15,400 रुपये होतात. आता काकांचा खर्च पाहा. रिकाम्या फेऱ्या धरून दिवसाला सुमारे चाळीस किलोमीटर, म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या आसपास. शहरात किलोला वीस किलोमीटर आणि गॅसचा दर नव्वदीच्या आसपास धरला, तर सव्वाचार हजारांचा सीएनजी लागतो. ताईंचा पगार सात हजार आणि गाडीचा हप्ता बारा हजार. विमा, टायर, फिटनेस व दुरुस्ती यांचे सरासरी चार हजार. हे सत्तावीस हजारांवर जाते आणि त्यात त्यांची स्वतःची कमाई नाही. म्हणूनच ते सकाळच्या आणि दुपारच्या, अशा दोन्ही सत्रांची मुले घेतात (दिवसाचे चाळीस किलोमीटर दोन्ही मिळूनच आहेत) आणि सुट्टीच्या दिवशी दुसरी भाडी करतात. दीड हजारात मूल नेतो म्हणणाऱ्याने एका फेरीत बारा-तेरा मुले कोंबल्याशिवाय किंवा मदतनीस काढून टाकल्याशिवाय त्याचा मेळ बसत नाही. त्यामुळे ‘फी किती’ या प्रश्नाच्या आधी ‘एका फेरीत मुले किती’ हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

आम्ही सात पालकांनी मिळून दोन पानी करार केला. त्यात एका फेरीतील मुलांची कमाल संख्या सात लिहिली. ताई गाडीत नसतील, तर गाडी निघण्यापूर्वी गटावर कळवायचे. फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, मे महिन्याची निम्मी आणि सेवा बंद करायची असल्यास दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना. मे महिन्यावरून थोडी ताणाताणी झाली, पण हप्ता आणि विमा सुट्टीतही चुकत नाही, हे काकांचे म्हणणे आम्हाला रास्त वाटले. मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, त्यांची नावेही प्रत्येक घराने लिहून दिली.

या कराराचा कस पावसाळ्यात लागला. व्हॅनचा क्लच गेला आणि काकांनी ओळखीच्या माणसाची गाडी पाठवली. ती पांढऱ्या पाटीची होती आणि सोबत ताईही नव्हत्या. बदली गाडी व्यावसायिक नोंदणीचीच असेल आणि तिचा क्रमांक आदल्या रात्री कळवला जाईल, असे कलम असल्यामुळे आम्ही मुलांना त्या गाडीत बसवले नाही. दोन पालकांनी आपापल्या गाडीने विनामोबदला मुले सोडली. काका आधी नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पिवळ्या पाटीची गाडी मिळवली आणि त्या दिवसाची फी वजा केली. कलम लेखी नसते, तर शाळेची वेळ गाठण्याच्या घाईत सगळ्यांनी मुले बसवलीच असती.

शाळेकडून मात्र निराशा झाली. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती अपेक्षित आहे, तिच्यावर पालकांचे प्रतिनिधीही असतात आणि वाहनांची कागदपत्रे पाहणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. आम्हाला मात्र ‘खासगी व्हॅन ही पालकांची जबाबदारी’ असे सांगण्यात आले. त्यानंतर आम्ही करार आणि कागदपत्रांच्या प्रती अर्जासोबत कार्यालयात देऊन पोच घेतली आणि समितीची पुढची बैठक कधी आहे, हे लेखी विचारले. उत्तर अजून आलेले नाही. दाराशी गाडी लावायला जागा तेवढी मिळू लागली आहे. आधी मुलांना रस्ता ओलांडावा लागत असे.

काकांबद्दल तक्रार एकच आहे: सकाळी ते वेळेवर येतात, पण दुपारी वीस मिनिटांपर्यंत उशीर होतो आणि तो कळवायचे काम ताईंवर टाकतात, ज्यांच्याकडे फोनमध्ये बहुधा शिल्लक नसते. जूनच्या नव्या करारात ताईंच्या रिचार्जचे पैसे सात घरांनी वाटून द्यायचे ठरवले आहे. सीएनजीचा दर किलोमागे पाच रुपयांहून अधिक वाढला, तर फी किती वाढेल, हेही आताच लिहून घेत आहोत. वरच्या हिशेबाप्रमाणे महिन्याला सुमारे अठ्ठेचाळीस किलो गॅस लागतो, म्हणजे पाच रुपयांची वाढ चौदा मुलांत वाटली तर प्रत्येकी अठरा रुपयेसुद्धा होत नाही. काकांनी दोनशेची वाढ मागितली होती. हा कागद त्यांच्यासमोर ठेवल्यावर त्यांनी दुरुस्तीचा वाढलेला खर्च दाखवला आणि शंभरावर आम्ही सगळे राजी झालो.