स्वतःवर उलटलेली बी पेशी: दुरुस्ती की मृत्यू?

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी रोगप्रतिकारक पेशी. अस्थिमज्जेतल्या अपरिपक्व बी पेशीचा आयजीएम रिसेप्टर, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं जड आणि हलक्या प्रथिन साखळ्यांचं प्रतिपिंड, शरीराच्याच घटकाला घट्ट चिकटला, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. आधी दुरुस्ती: जनुकाचे तुकडे कापून जोडणारं रॅग एन्झाइम चालूच राहतं, जड साखळी तीच राहते आणि कप्पा प्रकारची हलकी साखळी नव्याने जुळते. प्रत्येक नव्या जुळणीला ‘जे’ नावाचा एक जनुक-तुकडा लागतो आणि माणसात कप्पाचे असे तुकडे पाचच. ते संपले की लॅम्डा या दुसऱ्या प्रकारच्या हलक्या साखळीची पाळी. म्हणूनच लॅम्डा पेशींत कप्पा जनुक बऱ्याचदा कापलेलं सापडतं, हा दुरुस्तीचा ठसाच.

मृत्यू ही नंतरची वाट, दुरुस्ती फसली तरच. तो पक्का, पण पेशी वाया जाते. दुरुस्ती ती वाचवते. मात्र कधीकधी दुसऱ्या गुणसूत्रावरची जुनी साखळीही टिकते. मग एकाच पेशीवर दोन रिसेप्टर येतात आणि घातक रिसेप्टर निर्धोकाच्या आडून निसटतो.