डबा-ऑर्डरचं शीट ७ महिने वापरल्यावर, मटण थाळीचा हिशोब

नणंदेच्या मुलानं गुगल शीट करून दिलं होतं, B मध्ये १० ताटांचं साहित्य ग्रॅममध्ये भरायचं, E1 मध्ये ताटं टाकायची की बाकीचं आपोआप येतं. रोजच्या १२-१५ डब्यांना मस्त चाललं, काहीच तक्रार नाही. रविवारच्या मटण थाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि मग कळलं की सगळंच सरळ गुणून चालत नाही.

पहिली ८० ताटांची ऑर्डर. १० ताटांना चटणी ६० ग्रॅम (आपल्याकडं कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात), म्हणून शीट म्हणालं ४८०. टाकली, तांबडा रस्सा इतका जाळ झाला की सासूबाई म्हणाल्या हे माणसांना वाढायचं काय. पाण्याचंही तेच. १० ला ५ लिटर म्हणून ८० ला ४० लिटर घातलं तर रस्सा पळीवरनं नुसता पळतोय, कारण मोठ्या पातेल्यात पाणी आठपट असलं तरी वरचं तोंड काय आठपट नसतं, त्यामुळं त्या मानानं कमी आटतं.

मग मी शहाणपणा केला, ३० च्या वर गेलं की चटणी ७५ टक्केच धर असं IF लावलं. ३० ताटांना १८० ग्रॅम आणि ३६ ताटांना १६२, माणसं वाढली आणि चटणी कमी झाली! 😀 दोन ऑर्डरी फिक्या गेल्यावर लक्षात आलं. आता हे आहे:

```
=B2*($E$1/10)^C2
```

C मध्ये मटणाला, तांदळाला 1, चटणी, गरम मसाला आणि पाण्याला 0.9. आता ३० ला १६१, ३६ ला १९०, ८० ला ३९० ग्रॅम, मधे कुठं उडी नाही. पाणी ८० ला साधारण ३२ लिटर येतं, वर एक पातेलं मटणाचं आळणी पाणी गरम ठेवायचं, लागेल तसं सोडायचं. 0.9 आमच्या पातेल्यांना आणि शेगडीला जमलं, तुमचं वेगळं निघेल, चव घेऊनच बदला.

ताटाच्या भावात पण असाच घोळ होता. मदतनीस ६०० आणि टेम्पो ३००, हे ९०० मी ३० ताटांवर वाटून ताटाला ३० रुपये कायमचे लिहून ठेवले होते. १५ ताटांच्या ऑर्डरीत त्यातनं ४५० सुटले, खर्च ९०० चाच, म्हणजे तेवढा खिशातनं. आता F मध्ये त्या ऑर्डरीच्या साहित्याचा खर्च येतो आणि ताटाचा भाव असा:

```
=(SUM(F2:F20)+900)/E1
```

मटण ताटाला १५० ग्रॅम, किलोला ८०० धरलं तर १२० रुपये त्याचेच. रस्सा दोन वाट्या धरून चालत नाही, इथं मोजून वाढला तर लोक दारात येऊन बोलतील, म्हणून ५०० मिली धरते.

एकच वैताग, मोबाईलवर बोट लागून फॉर्म्युला पुसला जायचा आणि कळायचंच नाही. म्हणून B, E1 आणि मटणाच्या भावाची चौकट सोडून सगळं लॉक केलंय, तो भाव मात्र दर रविवारी हातानंच बदलावा लागतो.