भूप आणि देशकार: वेळ परंपरेने ठरते की सुरांनी?

दोन्ही रागांत सूर तेच पाच, सा रे ग प ध, आणि सगळे शुद्ध. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देशकार सकाळी. म्हणजे वेळ नुसत्या सुरांत नाही, हे इथेच दिसतं.

सुरांच्या बाजूने बोलणारे वादी स्वराकडे, म्हणजे रागातल्या सर्वांत महत्त्वाच्या सुराकडे, बोट दाखवतात. भूपाचा वादी गंधार, म्हणून राग खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो. देशकाराचा वादी धैवत. हा राग वर, तार षड्जाभोवती वावरतो आणि गंधारावर फार रेंगाळत नाही. रेंगाळला की भूप डोकावतो, आणि नवख्या गायकाची फसगत नेमकी इथेच होते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचा नियमही हेच सांगतो: वादी पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, असेल तर दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, असेल तर उरलेला अर्धा दिवस.

पण वरच्या सुरांवर जोर दिला की सकाळच का व्हावी? याचं उत्तर कानाकडे नाही. कर्नाटक संगीतात याच पाच सुरांचा मोहनम् कोणत्याही वेळी गातात, आणि तिथल्या श्रोत्यांना काही खटकत नाही.

माझं मत असं: दोन रागांतला फरक सुरांच्या वागणुकीतून येतो, घड्याळ मात्र परंपरेने लावलेलं आहे. ऋतूपुढे तर हे घड्याळही सैल पडतं. मल्हार पावसाळ्यात कोणत्याही प्रहरी चालतो, आणि त्याच्या बंदिशींमधले ढग-विजाही श्रोत्याला पाऊस ऐकायला शिकवतात.