टी-शर्टची खालची दुमड: झिगझॅग, ट्विन सुई की फ्लॅटलॉकवाला?

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी लेकासाठी घरी शिवलेला टी-शर्ट घेऊन आल्या. बाह्या, खांदे, बाजूच्या शिवणी सगळं नीट होतं, फक्त खालची कड उन्हात वाळलेल्या पापडासारखी वर-खाली झालेली. "बॉलपॉइंट सुई लावली होती ओ, तरी असं झालं. आता ट्विन सुई आणू, का सरळ फ्लॅटलॉक मशीनवाल्याकडे शिवायला टाकू?"

सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत घरी शिवणाऱ्या बऱ्याच जणींपुढे हा प्रश्न असतो. पण पर्याय निवडण्याआधी एक गैरसमज काढावा लागतो. कडेला येणाऱ्या लाटेचा आणि सुईच्या टोकाचा काही संबंध नाही. सुई बदलल्याने लाट जाईल या आशेवर पैसे घालू नका.

सुई काय करते ते आधी बघू. आपल्या शेजारच्या इचलकरंजीचं कापड ताण्या-बाण्याचं, म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले. टी-शर्टचं होजिअरी कापड मात्र फाशांचं असतं, स्वेटरसारखं, फक्त बारीक. साध्या टोकदार सुईने फासा छेदला जातो. त्या दिवशी काही दिसत नाही, पण दोन-तीन धुण्यांनंतर शिवणीला लागून बारीक भोकं पडतात आणि तिथून फासे सुटत जातात. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ते फाशांच्या मधून वाट काढतं. साध्या सिंकर किंवा इंटरलॉक होजिअरीला ७५ किंवा ८० नंबर बास. कापडात लायक्रा भरपूर असेल तर बॉलपॉइंटसुद्धा टाके गाळते, कारण कापड सुईबरोबर वर-खाली होतं आणि दोऱ्याचा फासा बॉबिनच्या हुकला सापडत नाही. तिथे 'स्ट्रेच' लिहिलेली सुई घ्यायची. थोडक्यात, भोकं आणि गळके टाके हा सुईचा प्रश्न.

लाट हा ताणाचा प्रश्न. मशीनचं फूट वरून दाबतं, दाते खालून ओढतात, आणि या झटापटीत लवचीक कापड शिवताना लांब होतं. त्याच लांबीत दोरा त्याला बांधून टाकतो. होजिअरी रुंदीच्या दिशेला जास्त ताणलं जातं आणि खालची दुमड नेमकी त्याच दिशेने जाते. म्हणून वहिनींच्या बाजूच्या शिवणी त्याच मशीनवर, त्याच सुईने सरळ आल्या आणि दुमडच फसली.

वहिनींसमोर मी त्यांच्याच उरलेल्या कापडाच्या तीन पट्ट्या आडव्या कापल्या. प्रत्येकीवर पेनने ३० सेंटीमीटरच्या खुणा केल्या आणि दुमडून शिवल्या. पहिली त्यांच्या सवयीप्रमाणे, आखूड टाका आणि मागून हाताने हलकं ओढत. खुणांमधलं अंतर ३४ झालं. दुसरीला मी फुटाचा दाब कमी केला, टाका ३ मिलिमीटरचा लावला आणि कापड फक्त समोर टेबलावर टेकवून ठेवलं, लोंबकळू दिलं नाही. ३१ आणि वर थोडं भरलं. तिसरीला हेच सगळं करून खाली पतंगाच्या कागदाची पट्टी घातली. ३० आणि वर एक केस. वाफेची इस्त्री न घासता नुसती वर धरल्यावर दुसरी पट्टीही जवळजवळ ३० वर आली, पहिली मात्र ३३ वरच अडली. म्हणजे थोडी लाट वाफ परत घेते, मोठी घेत नाही.

फुटाचा दाब कमी करायची चकती काही मशीनवर वरच्या बाजूला असते, काहींवर डाव्या बाजूला आणि काहींवर नसतेच. नसेल तर कागदच तुमचा आधार. पट्टी साधारण तीन बोटं रुंद घ्या आणि शिवून झाल्यावर टाक्यांवर अंगठा दाबून हळू फाडा. दोऱ्यात अडकलेले कपटे पहिल्या धुण्यात जातात, पण पतंगाच्या कागदाचा रंग उतरतो. पांढऱ्या कापडाखाली पांढराच कागद हवा. हे मी एकदा गुलाबी करून शिकले आहे.

हे जमलं की मग निवड. पहिला पर्याय झिगझॅगचा, म्हणजे एकच बॉलपॉइंट सुई. झिगझॅगचा दोरा आधीच नागमोडी असल्यामुळे कापड ताणलं की तो उलगडतो, तुटत नाही. ताण सहन करण्यात घरच्या मशीनवर याला तोड नाही, आणि तुटक झिगझॅग असेल तर अजून चांगलं. तोटा एकच, दिसतं घरगुती. आणि एक सापळा: टाका नीट बसावा म्हणून अनेकजणी तो फार दाट लावतात. कापडात जितका जास्त दोरा कोंबाल तितकी कड फुगेल. रुंदी २ ते ३ आणि लांबी अडीच ते ३ मिलिमीटर ठेवून पट्टीवर बघा.

दुसरा पर्याय ट्विन सुई. एका दांड्यावर दोन सुया, वर दोन दोरे, खाली बॉबिनचा एकच. वरून दुकानातल्या टी-शर्टसारख्या दोन समांतर रेघा येतात आणि खाली बॉबिनचा दोरा दोन्हींच्या मधे नागमोडी फिरतो. हिची किंमत साध्या सुईच्या कितीतरी पट आणि मोडली की दोन्ही सुया गेल्या, म्हणून आधी आपल्या मशीनला ती चालते का ते बघा. पुढून दोरा ओवायची आणि झिगझॅग करणारी मशीनच हवी. घरातल्या काळ्या सरळ टाक्याच्या मशीनला ती नको, कारण तिथे दोरा बाजूने ओवतात आणि पत्र्यातलं भोक एका सुईपुरतंच गोल असतं. सुई पत्र्यावर आपटून तुटते. त्या मशीनवाल्यांची निवड इथेच तिसऱ्या पर्यायावर येते.

पाकिटावर २.५/७५ किंवा ४/७५ असे आकडे असतात. पहिला आकडा दोन सुयांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, दुसरा सुईचा नंबर. स्ट्रेचवाली मिळते, तीच घ्या. पातळ सिंकरला मी अडीचचीच घेते. चारच्या सुईत दोन रेघांमधलं कापड वर उचलून नळीसारखा उंचवटा येतो, कारण खालचा दोरा दोन्ही रेघांना एकमेकींकडे खेचतो. तो आला तर वरचं टेन्शन एक-दोन आकडे उतरवा, आणि तरी राहिला तर बॉबिन केसचा बारीक स्क्रू किंचित सैल करा. आधी त्याची मूळ जागा पेनने खुणावून ठेवा, नाहीतर नंतर साध्या शिवणीला रडाल.

दोन रिळं एकाच दिशेने उलगडली तर दोरे एकमेकांत पीळ घेतात, म्हणून एक रीळ पुढून सुटेल आणि दुसरं मागून असं लावते. दोरा पॉलिस्टरचा. सुई बसवल्यावर पॅडल दाबायच्या आधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि दोन्ही सुया भोकातून जातात की नाही ते डोळ्यांनी बघा. टाक्याची निवड सरळ टाक्यावरच आहे याचीही खात्री करा, झिगझॅगवर राहिली असेल तर पहिल्याच टाक्याला खेळ संपला.

शिवायचं कापडाच्या सुलट बाजूने, कारण रेघा वर दिसायला हव्यात. मग आतली कच्ची कड दिसत नाही, आणि ती दोन सुयांच्या मधे सापडली तरच नीट झाकते. मी अडीच सेंटीमीटरची दुमड इस्त्रीने बसवते, कच्च्या कडेवरून सुलट बाजूला दिसेल असा वेगळ्या रंगाचा कच्चा दोरा घालते आणि तो दोन सुयांच्या मधोमध ठेवत जाते. सिंकरची खालची कड सुलट बाजूकडे गुंडाळली जाते, तेव्हा कच्चा दोरा घालण्याचा कंटाळा केला की ती दुमडीत कुठेतरी हरवते.

ट्विनची खरी मर्यादा खालच्या दोऱ्याची. तो नागमोडी असला तरी झिगझॅगइतका सैल नसतो. तयार पट्टीचा १० सेंटीमीटरचा तुकडा मोजपट्टीवर धरून १३ पर्यंत ओढा. टक् असा आवाज आला की बॉबिनचा दोरा गेला. सैल करा, परत बघा. वुली नायलॉन हा फुगीर, ताणला जाणारा दोरा मिळाला तर तो बॉबिनवर हाताने, न ताणता गुंडाळून वापरला की बरंच निभावतं. टी-शर्टच्या घेराला एवढा ताण येतच नाही, त्यामुळे तिथे ट्विन उत्तम. लहान मुलांच्या लेगिंगची मोरी मात्र वेगळी. मोरी १८ सेंटीमीटर आणि टाचेवरून घेर २६, म्हणजे रोज दोनदा जवळजवळ दीडपट ताण. तिथे मी ट्विन वापरत नाही, झिगझॅगच.

तिसरा पर्याय फ्लॅटलॉकवाला. त्याची मशीन खालून लूपरने दोरा गुंफते, म्हणून ताणही सहन करते आणि दिसतंही विकतसारखं. बरेचदा दाते पुढचे-मागचे वेगळ्या वेगाने चालवता येतात, त्यामुळे लाट मुळातच कमी. पण तीन-चार दोरे एका टी-शर्टसाठी बदलायला कोणी तयार होत नाही, तेव्हा मशीनवर लावलेला असेल त्या रंगावर समाधान मानावं लागतं. घरी आणल्यावर शिवणीचा शेवट तपासा. तिथला दोरा पक्का केलेला नसेल तर एक टोक ओढलं की अख्खी दुमड उलगडते. मी तिथे सुईदोऱ्याने चार टाके घालतेच. एकाच रंगाचे डझनभर नग असतील तर घरी ट्विन घेऊन बसण्यात अर्थ नाही, तिकडेच द्या. एक-दोन नगांसाठी जाण्या-येण्याचाच वेळ जास्त.

वहिनींची मशीन पुढून ओवायची निघाली. त्यांनी अडीचची स्ट्रेच ट्विन आणली. जुनी दुमड उसवली, कापडाला वाफ देऊन रात्रभर सपाट पडू दिलं आणि सकाळी कागद घालून परत शिवली. कड सरळ आली, फक्त बाजूच्या शिवणीवर जिथे चार थर होतात तिथे दोन टाके गळले. ती जागा आधी हातोडीने हलकी ठोकायची राहिली होती. आता त्या धाकटीच्या लेगिंग घेऊन बसल्यात, आणि ट्विन काढून पाकिटात ठेवली आहे.