स्थानिक धावस्पर्धेचे सहप्रायोजकत्व: सहा महिन्यांनंतरचा हिशेब

सुमारे हजार नोंदणी असलेल्या १० किलोमीटरच्या धावस्पर्धेचे सहप्रायोजकत्व आमच्या फिजिओथेरपी केंद्राने घेतले. स्पर्धा होऊन सहा महिने झाले आहेत, त्यामुळे आता ठामपणे लिहिता येते. आकडे सोपे करून मांडले आहेत: आयोजकांनी सुरुवातीला मागितलेले शुल्क १०० धरा आणि बाकी सगळे त्या प्रमाणात वाचा.

पहिली गोष्ट शुल्काची. आयोजकांचा आकडा त्यांच्या खर्चातल्या तुटीवरून ठरतो. प्रायोजकाला काय मिळणार, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून दरपत्रक बाजूला ठेवून प्रत्येक गोष्ट सुटी विकत घेतली असती तर किती पडली असती, ते मांडावे. स्टॉलची जागा २०, किटच्या पिशवीत कूपन टाकण्याचा हक्क १५, सहभागींना जाणारे दोन संदेश १०, धावपटूचा क्रमांक छापलेले बिब, टी-शर्ट आणि मंचामागचा फलक यांवरचा लोगो मिळून १५. बेरीज ६०. त्यावर 'आपल्या क्षेत्रातला एकमेव प्रायोजक' या हक्काचे १० धरले आणि ७० वर सौदा झाला. ही मांडणी समोर ठेवली की घासाघीस करावी लागत नाही, कारण बोलणे एकेका बाबीवर येते.

ही मांडणी करण्याआधी गेल्या वर्षीचे तीन आकडे मागावेत: नोंदणी किती, बिब किती जणांनी नेले आणि शर्यत किती जणांनी पूर्ण केली. शेवटचा आकडा टायमिंग चिपच्या निकालात असतो, त्यामुळे तो फुगवता येत नाही. हजार नोंदणीतल्या आठशेच जणांनी बिब आणि किट नेले असेल तर कूपनही आठशेच लोकांच्या हातात पडणार, आणि किंमतही तेवढ्याचीच लावायची.

'एकमेव प्रायोजक' या हक्काचा मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा. करारात नुसते 'फिजिओथेरपी' लिहिले तर वैद्यकीय मदत तंबू एखाद्या अस्थिरोग रुग्णालयाला जातो आणि त्यांचेही फिजिओथेरपिस्ट तिथे उभे असतात. आयोजकांनी कराराचा भंग केला असे म्हणता येत नाही, पण १० वाया जातात. अस्थिरोग, क्रीडावैद्यक, मसाज, व्यायामशाळेतली पुनर्वसन सेवा अशी नावे एकेक करून लिहून घ्यावीत. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: निम्मे करारावर, ३० टक्के छपाईचे नमुने मंजूर केल्यावर आणि उरलेले २० टक्के सहभागींचे आकडे व फोटो हातात आल्यावर. स्पर्धा रद्द झाली किंवा पुढे ढकलली तर काय, हेही त्याच कागदावर हवे.

आता प्रत्यक्ष दिवस. शुल्क भरून फक्त परवानगी मिळते. लोकांच्या लक्षात राहायचे असेल तर त्यावर वेगळा खर्च करावा लागतो. आम्ही शुल्काच्या ६० टक्के, म्हणजे ४२ वेगळे ठेवले.

१० किलोमीटरमध्ये मोठा घोळका साधारण ५५ ते ८० मिनिटांच्या दरम्यान फिनिश लाइनवर येतो. म्हणजे खरा वेळ मिळतो तो २५ मिनिटांचा. चार फिजिओथेरपिस्ट मॅटवर एकेकाला सहा मिनिटे स्ट्रेचिंग करून देऊ लागले तर एवढ्या वेळात जेमतेम १६ लोक होतात, बाकीचे रांग बघून निघून जातात. तेच चौघे बारा-बारा जणांचे गोल करून पाच मिनिटांचे सामूहिक स्ट्रेचिंग घेतात तेव्हा २४० लोकांपर्यंत पोहोचता येते. मॅट ज्यांना खरोखर दुखतेय त्यांच्यासाठीच ठेवावेत. जागा मेडल देतात तिथून बाहेर पडण्याच्या वाटेवर मागावी. पार्किंगजवळ मोठा स्टॉल मिळत असला तरी घेऊ नये, तिथे पोहोचेपर्यंत माणूस घरी जायच्या घाईत असतो.

क्यूआर कोडचा फलक जवळजवळ सगळे प्रायोजक फिनिश लाइनपाशी लावतात. तिथे बऱ्याच धावपटूंचा फोन जवळ नसतो, जमा केलेल्या पिशवीत असतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांची बोटे घामाने ओली असतात. कोड लावायचा तो सामान परत मिळते त्या काउंटरवर. तिथे माणूस रांगेत उभा असतो आणि पिशवी हातात येताच आधी फोन काढतो. गर्दीत नेटवर्क मंदावते, म्हणून उघडणारे पान हलके हवे: नाव, नंबर, कुठे दुखते, एवढेच. शेजारी कागदी चिठ्ठ्या आणि पेन असू द्यावे.

लोगोच्या जागांबद्दल स्पष्ट मत आहे. बिबच्या खालच्या पट्टीवरचा लोगो कमरेच्या पट्ट्याखाली जातो, वरची पट्टी मागावी. टी-शर्टच्या पाठीवर दहा लोगो असतील तर एकही वाचला जात नाही. याउलट ठरावीक वेगाने पुढे धावून गटाला वेळ पाळायला मदत करणाऱ्या पेसरच्या पाठीकडे त्याच्या मागचा गट तासभर बघत असतो. ही जागा दरपत्रकात नव्हती, मागितल्यावर मिळाली आणि तिचे वेगळे पैसेही लागले नाहीत.

परताव्याचे मोजमाप स्पर्धेच्या आधी सुरू व्हायला हवे. आधीच्या आठ आठवड्यांत दर आठवड्याला नव्या चौकश्या किती आल्या, आणि गेल्या वर्षी याच काळात किती होत्या, दोन्ही लिहून ठेवावे. धावण्याच्या हंगामात गुडघे-टाचांच्या तक्रारी तशाही वाढतात, ती वाढ स्पर्धेच्या खात्यात जमा होता कामा नये. कूपन, काउंटरवरचा कोड आणि संदेशातली लिंक यांना वेगवेगळी खूण द्यावी.

तीन महिन्यांत या तिन्ही वाटांनी ४६ जण आले. त्यातले १० आमचे जुनेच रुग्ण होते, ते वजा केले. उरले ३६. इथे विक्री न धरता खर्च वजा जाऊन हाती उरणारी रक्कम धरायची. ती माणशी २.५ होती, म्हणजे ९०. खर्चाच्या बाजूला शुल्क ७०, उपक्रम ४२ आणि त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या वेळेचे ८, एकूण १२०. तीन महिन्यांवर थांबलो असतो तर हा तोटाच दिसला असता. पुढच्या तीन महिन्यांत त्यातले १२ जण पुन्हा आले, तेव्हा ३० ची भर पडून हिशेब बरोबरीत आला. आयोजकांच्या अहवालातली 'एकूण पोहोच' यात कुठेच धरली नाही. ती सगळ्या खात्यांचे अनुयायी एकत्र करून काढलेली असते आणि एकच माणूस तीन-चारदा मोजला जातो.

नाव किती लक्षात राहिले, हे पाहायला दोन आठवड्यांनी छोटी प्रश्नावली पाठवावी. आधी यादी न दाखवता विचारावे की कोणते प्रायोजक आठवतात. मग यादी द्यावी आणि तीत एक नाव स्पर्धेत नसलेले, बनावट घालावे. यादीतून २२ टक्क्यांनी आमचे नाव निवडले, पण बनावट नावही ९ टक्क्यांनी निवडले. तेवढा अंदाजपंचे भाग वजा करून १३ च धरले. शंभरेक उत्तरांवर याहून बारीक निष्कर्ष काढू नये.

पुढच्या वर्षासाठी ७० पर्यंत नूतनीकरण करणार. आयोजकांनी वाढ मागितली तर टी-शर्ट आणि फलकावरचा लोगो सोडून देऊ. पेसरची पाठ, सामानाचा काउंटर आणि मेडलनंतरची जागा मात्र करारात नकाशासह लिहून घेऊ.