चिकटलेली मूठ काढायची: हवेने की साबणाच्या पाण्याने?

भाचा मे महिन्यात सायकल घेऊन आमच्या दांडिया बाजारच्या घरी आला. ब्रेकची लिव्हर बदलायची होती आणि त्यासाठी हँडलच्या मुठी निघणं भाग होतं. पिळून पाहिल्या, ओढून पाहिल्या, दोन्ही ढिम्म. "मामा, ब्लेडने कापून टाकू का?" म्हटलं, थांब. मुठी चांगल्या आहेत, परत बसवू.

आधी मुठीच्या कडेला छोटा ॲलन बोल्ट आहे का ते बघावं. असेल तर तो ढिला केला की मूठ हातात येते, हवा-साबणाची गरजच नाही. आमच्याकडे बोल्ट नव्हता, नुसतं रबर दांडीवर घट्ट बसलेलं.

घरी साबण होता, म्हणून उजव्या मुठीला तो. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब अर्ध्या वाटी पाण्यात घातले आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरले. जुना स्पोक टोकाला कानस मारून गोल केला. मुठीची आतली, म्हणजे ब्रेककडची कड उचलून स्पोक दांडीला समांतर आत सरकवला, फटीत पाणी सोडलं आणि स्पोक दांडीभोवती हळूहळू फिरवला. थोडं आत, थोडं पाणी, परत फिरवणं. दहा-बारा मिनिटांत मूठ आधी गोल फिरायला लागली, मग निघाली. कार्बनच्या दांडीवर मात्र स्पोक किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, ओरखडा तिथे महागात पडतो.

खर्च शून्य, पण उपद्रव नंतर सुरू होतो. तीच मूठ साबण लावूनच परत चढवली तर आतला ओलावा बाहेर पडायला वाट नसते. दिवसभर, कधी त्याहून जास्त, ती हातात फिरत राहते. चालत्या सायकलवर, एका हाताने ब्रेक दाबताना मूठ फिरणं म्हणजे पडणंच. शिवाय लोखंडी दांडी आत गंजते आणि पुढच्या वेळी मूठ त्या गंजामुळे अडकते. म्हणून मूठ आणि दांडी साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवावी.

डाव्या मुठीला हवा द्यायचं ठरलं. इथे एक गफलत सगळेच करतात: पंक्चरवाल्याकडे जातात. त्याच्या नळीला व्हॉल्व्हवर बसणारं तोंड असतं, ते मुठीखाली जात नाही. स्कूटर-मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये एअर फिल्टर साफ करायची बारीक तोंडाची हवेची गन असते, ती हवी. रावपुऱ्याकडच्या एका गॅरेजमध्ये गेलो. कारागिराने गनचं तोंड आतल्या कडेखाली खुपसून ट्रिगर दाबला. फुस्स आवाज झाला, मूठ जागची हलली नाही. भाचा म्हणाला, गोंद असणार.

गोंद नव्हता, हवा पळत होती. दांडी पोकळ असते. बंद टोकाच्या मुठीखाली शिरलेली हवा दांडीच्या टोकातून आत जाते आणि पलीकडची मूठ काढलेली असेल तर तिथून निघून जाते. भाच्याला उजव्या टोकात फडक्याचा बोळा गच्च कोंबायला लावला. दुसऱ्या दाबाला डावी मूठ फुग्यासारखी तरंगली आणि पिळता पिळता पाच सेकंदांत बाहेर आली. म्हणून दोन्ही मुठी काढायच्या असतील तर पहिली काढताना दुसरी जागेवर राहू द्या, ती बूच म्हणून कामी येते. मूठ सुटून उडू शकते, तेव्हा टोकासमोर तोंड नको, डोळ्यांवर चष्मा हवा आणि गनचं तोंड कधीही कातडीला टेकवू नका.

हवेचा खरा फायदा बसवताना कळतो. तशीच हवा देत मूठ कोरडीच सरकवली, गन काढली की रबर आवळून बसतं. लगेच सायकल चालवता येते. ज्याला त्याच संध्याकाळी सायकल हवी आहे त्याने गॅरेज गाठावं. रात्रभर सायकल उभी राहणार असेल तर साबण पुरे. फोमच्या किंवा चिरलेल्या मुठीला हवेचा उपयोग नाही, हवा भोकांतून निसटते. तिथे साबणच.

आणि खरोखर गोंद असेल तर? हवा दिल्यावर मूठ आतल्या भागात फुगते आणि एका ठरावीक जागी थबकते, प्रत्येक वेळी त्याच जागी. साबणाच्या बाबतीत स्पोक तिथेच अडतो. इन्स्टंट ग्लू साबणाने सुटत नाही आणि हवेचा दाब वाढवला तर रबर फाटतं. ॲसिटोनने तो मऊ होतो, पण दांडीचा रंग आणि मूठ दोन्ही खराब होतात. अशा वेळी भाच्याचं ब्लेडच बरोबर: लांबीने एक चीर, ब्लेड स्वतःपासून दूर ओढत, आणि नवी जोडी.